अंबाडा गेल्यानंतरच्या चार ओळी

१२ फेब्रुवारी १९२७, शनिवार. व्हर्जिनिया वुल्फ तेव्हा ४५ वर्षांची होती आणि लंडनच्या टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमधल्या ५२ नंबरच्या घरात राहत होती. ‘टू द लाइटहाउस’ ही कादंबरी हातावेगळी झाली होती. मे महिन्यात ती प्रसिद्ध व्हायची होती. त्या दिवशीच्या डायरीत आधी लेखनाविषयीचा मजकूर आहे आणि मग तिला एकदम आठवतं, की तीन दिवस उलटले तरी एक मोठी बातमी लिहायची राहूनच गेली. तिने आपले लांब केस कापले होते. तिच्या बहिणीचा नवरा क्लाइव्ह बेल याच्या मते लग्नानंतर तिच्या आयुष्यात घडलेली ही सर्वांत महत्त्वाची घटना होती.

नोंद अगदी छोटी आहे. आता जन्मभर केस आखूडच राहणार, असं ती ठामपणे लिहिते. सौंदर्यावरचा आपला दावा संपलेलाच आहे, तेव्हा केवळ सोय म्हणून पाहिलं तरी हे चांगलंच झालं, अशी तिची समजूत. पुढून काहीच बदल दिसत नाही. मागून मात्र आपण तित्तिर पक्ष्याच्या पार्श्वभागासारख्या दिसतो, हेही ती लिहून टाकते. आणि बाहेर जेवायला जाण्याची धास्ती निम्मी कमी झाली, अशी भर घालते.

या सगळ्यात एक वाक्य फार मोलाचं आहे. रोज सकाळी तिचा हात सवयीने ब्रशकडे जातो. केसांचा पीळ बोटाभोवती गुंडाळायचा, मग आकडे खोचून तो बसवायचा, हा वर्षानुवर्षांचा क्रम हात सुरू करू पाहतो. आणि मग तिला आठवतं, की आता यातलं काहीच करायला नको. त्या क्षणी आनंदाचा झटकाच बसतो, असं ती सांगते.

केस कापले त्याच संध्याकाळी ती लिहायला बसली असती, तर हे वाक्य डायरीत आलंच नसतं. पहिल्या संध्याकाळी माणूस आरशाविषयी लिहितो: कसे दिसतात, घरचे काय म्हणाले, मान किती उघडी वाटते. हाताची सवय कळायला निदान एक सकाळ मध्ये जावी लागते. पण फार थांबूनही चालत नाही. काही आठवडे गेले, की हात नवा क्रम शिकतो आणि जुना पुसला जातो. मग कितीही आठवलं तरी तो झटका कागदावर उतरत नाही. व्हर्जिनियाची नोंद बरोबर मधल्या दिवसांतली आहे. चहानंतरच्या फावल्या अर्ध्या तासात भराभर डायरी लिहायची तिची पद्धत होती, आणि ती तिने १९१९ सालीच डायरीत सांगून ठेवली आहे. अशा घाईच्या लेखनातच इतकी बारीक गोष्ट सुटत नाही.

केस कसे गेले, ही हकीकत तिने पत्रात जास्त रंगवून सांगितली आहे. तिची जिवलग मैत्रीण व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट जानेवारीच्या शेवटी इराणला निघाली होती. तिला व्हर्जिनिया कळवते, की नाटककार बोबो मेयर हिने हे घडवून आणलं. मध्यरात्रीच्या सुमारास व्हर्जिनियाला थोडी चढलेली होती आणि तिने बोबोला कात्री चालवू दिली. कापलेले केस स्वयंपाकघरातल्या बादलीत गेले. केसांचे आकडे म्हणजे जणू बऱ्या झालेल्या पंगूने देवळात वाहिलेल्या कुबड्या, अशी उपमाही तिने त्या पत्रात वापरली आहे. डायरीत मात्र नाव येतं ते केशकर्तन करणाऱ्या एका गृहस्थाचं. हौशी हाताने अंबाडा उतरवता येतो, पण मागची बाजू नीट करायला कारागीरच लागतो.

कारण त्या काळातली ही फॅशन वाटते तितकी सोपी नव्हती. साधा ‘बॉब’ म्हणजे हनुवटीच्या आसपास सरळ रेषेत कापलेले केस. तो घरीही जमू शकतो. १९२४ च्या सुमारास ‘शिंगल’ लोकप्रिय झाला. त्यात मागचे केस थराथराने कमी करत मानेच्या खळग्यापर्यंत आणतात आणि तिथे ते अगदी त्वचेलगत, निमुळते कापतात. थर चुकला तर मागे पायऱ्या दिसतात, आणि त्या लपवायला केसच शिल्लक नसतात. त्याहून आखूड ‘ईटन क्रॉप’, म्हणजे जवळपास शाळकरी मुलासारखा. व्हर्जिनियाने करून घेतला तो बॉब आणि शिंगल यांच्या मधला प्रकार. त्या काळी त्याला ‘बिंगल’ म्हणत. पुढचे केस तसेच आणि मागचे गेलेले, त्यामुळे पुढून फरक नाही हे तिचं निरीक्षण अचूक आहे.

डोकं हलकं झाल्याची भावनाही कल्पनेतली नसते. कापलेल्या केसांचं वजन फारसं भरत नाही. पण घट्ट पीळ घालून आकड्यांनी बसवलेला अंबाडा दिवसभर केसांना मुळाशी ओढत असतो. हा ताण अंगवळणी पडलेला असल्याने तो असताना जाणवत नाही, गेल्यावर जाणवतो. जेवणाच्या धास्तीचा उलगडाही इथेच होतो. आकडा ढिला झाला की अंबाडा सुटायला लागतो, आणि परक्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसून तो सावरणं कुणाही बाईला नकोसंच वाटतं.

या नोंदीआधीची एक नोंद शेजारी ठेवून वाचली, तर चार ओळींचं वजन नीट कळतं. १९२६ च्या जूनअखेरीस व्हर्जिनियाच्या नव्या टोपीला क्लाइव्ह बेल हसला होता. तेवढ्याने ती घोर निराशेत बुडाली आणि ते तिने सविस्तर लिहून ठेवलं. आपल्या पोशाखाकडे लोक कसे बघतात, ही तिची कायमची दुखरी जागा होती. ‘द न्यू ड्रेस’ ही तिची कथाही एका समारंभात आपल्या कपड्यांमुळे कासावीस झालेल्या बाईचीच आहे. आठ महिन्यांच्या आतच केसांवर शेरा मारणारा माणूस पुन्हा क्लाइव्हच. पण या वेळी तिला तो शेरा लागत नाही. ती तो स्वतःच नोंदवते, तित्तिराची उपमा स्वतःच देते आणि पुढे जाते. टोपी दुसऱ्यांच्या नजरेसाठी होती. केसांचा लाभ रोज सकाळी तिच्या स्वतःच्या हाताला मिळत होता, म्हणून ती इतकी निर्धास्त आहे, असं ही दोन पानं वाचून वाटतं.

जन्मभर आखूड, हा शब्दही वरवरचा नाही. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. मानेलगत कापलेल्या केसांचा पुन्हा अंबाडा बांधायचा, तर निदान तीस सेंटिमीटर लांबी लागते, म्हणजे अडीच वर्षं. मधल्या काळात ते ना बांधता येतात, ना मोकळे सोडता येतात. मध्यरात्री काही मिनिटांत घेतलेला निर्णय मागे घ्यायला इतका काळ लागतो, हे त्या काळच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

व्हर्जिनियाच्या मृत्यूनंतर, १९५३ साली, लेनर्ड वुल्फ यांनी लेखनाविषयीच्या नोंदी निवडून डायरीचा एक खंड काढला. पूर्ण डायरी अ‍ॅन ऑलिव्हिये बेल यांच्या संपादनाखाली १९७७ ते १९८४ या काळात पाच खंडांत आली. केसांची ही नोंद १९८० च्या तिसऱ्या खंडात आहे. तो हाती आला तर १९२६ च्या जूनचं टोपीचं पान आधी वाचा आणि मग १९२७ चा फेब्रुवारी उघडा.