पेन इथं, बाण तिथं!
आमच्या तालुक्यातल्या फ्लेक्सच्या दुकानात दुसरा स्क्रीन जोडला अन् ड्रॉइंग टॅब्लेटचा पेन चळला. पाटीच्या मधोमध टेकवला की बाण दोन स्क्रीनच्या सांध्यावर! दुकानदार नवा पेन मागवणार होता. पण पेन चांगलाच होता. पाटी दोन्ही स्क्रीनवर ताणली गेली होती. ड्रायव्हरच्या मॅपिंगमध्ये एकच मॉनिटर निवडला, बाण जागेवर आला.

तरी गोल काढला की आडवं अंडं. पाटी ६ बाय ४ इंच, स्क्रीन मात्र १६:९, म्हणजे जास्त रुंद. त्यामुळे आडवी रेघ जास्त ताणली जाते. 'Force Proportions'वर टिक केली (कंपनीप्रमाणे नाव बदलतं), गोल नीट आला. पाटीची अर्ध्या इंचाहून थोडी जास्त पट्टी आता चालत नाही, तेवढं सोसायचं.