पट्टीने मोजायचे सहा सेंटिमीटर

समोरची खुर्ची किती लांब आहे हे स्वस्तातल्या रोबोटला कळावं, म्हणून त्याच्यावर दोन साधे वेबकॅम शेजारीशेजारी बसवतात. एकच वस्तू दोन्ही चित्रांत किंचित वेगळ्या जागी दिसते. ही तफावत जितकी मोठी, तितकी वस्तू जवळ.

```
Z = f * B / d
```

इथे `Z` वस्तूचं अंतर, `f` पिक्सेलमध्ये मोजलेलं नाभीय अंतर, `B` दोन भिंगांमधलं अंतर आणि `d` तफावत. समजा `f` ७०० पिक्सेल आणि `B` ६ सेंटिमीटर आहे. तफावत ४२ पिक्सेल आली, तर वस्तू १ मीटरवर; १४ आली, तर ३ मीटरवर. तफावत एका पिक्सेलने कमी मोजली गेली, तर मीटरभरावर अडीच सेंटिमीटरचा फरक पडतो, तीन मीटरवर मात्र तेवीसचा.

सूत्राने कॅमेरे अगदी समांतर धरलेत. हाताने चिकटवलेले वेबकॅम तसे कधीच नसतात, म्हणून कॅलिब्रेशन. बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी छापून ताठ काचेवर चिकटवायची आणि ती तिरकी, जवळ, लांब, चौकटीच्या कोपऱ्यात अशी धरून वीस-तीस फोटोजोड्या घ्यायच्या. ऑटोफोकस बंद हवा. दोन वेबकॅम एकाच क्षणी फोटो काढत नाहीत, त्यामुळे पट हलता कामा नये. पुढचं गणित ओपनसीव्हीचं `stereoCalibrate` करतं. मग `stereoRectify` आणि `remap` चित्रं अशी सरळ करतात, की एकच बिंदू दोन्हीकडे एकाच आडव्या ओळीत येतो.

शेवटी सरासरी चुकीचा आकडा मिळतो. तो अर्ध्या पिक्सेलच्या आत आला की लोक खूश होतात. इथेच फसगत होते. प्रिंटरने कागदावर बसवायला २५ मिलिमीटरचा चौकोन २४ चा छापला आणि प्रोग्रॅमला २५ च सांगितले, तरी हा आकडा छानच येतो. फक्त सगळी अंतरं चार टक्क्यांनी जास्त निघतात. ओळखायचं कसं? प्रोग्रॅमने काढलेलं भिंगांमधलं अंतर पट्टीने ताडून पाहायचं. सहाच्या जागी सव्वासहा दिसलं, तर चौकोन मोजावेत.

कॅलिब्रेशननंतर एक कॅमेरा अंशभर डावी-उजवीकडे वळला, तर तफावत सुमारे १२ पिक्सेलने बदलते आणि मीटरभरावरची खुर्ची ७८ किंवा १४० सेंटिमीटरवर असल्याचं दिसतं. आडव्या ओळी तरीही जवळपास जुळलेल्याच राहतात! म्हणून वस्तू मोजपट्टीने ठरावीक अंतरावर ठेवून उत्तर तपासणं गरजेचं.

तफावतीचा नकाशा `StereoSGBM` बनवतं, पण ते तफावत सोळापट करून देतं:

```python
disp = sgbm.compute(left, right) / 16.0
```

हा भागाकार राहिला, तर सगळं सोळापट जवळ आल्यासारखं वाटतं. कोऱ्या पांढऱ्या भिंतीपुढे मात्र जुळवायला खूणच नसते, नकाशात भोकं पडतात. त्या भोकांना मोकळी वाट समजणारा रोबोट थेट भिंतीला धडकतो.