भिंतीवरचा कागद बरोबर, काटा चुकीचा : वजनमापवाले साहेब अचानक आले तर?

ज्यांना बसमध्ये ऐकता येत नाही, रेंज जाते, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोलताना झालेले ‘म्हणजे’ आणि ‘अं’ बरेचसे काढलेत, सगळे नाही.

आज इन्स्पेक्टर व्हिजिट. फूडवाले, जीएसटीवाले यांच्यावर पुढे कधी बोलू. आज फक्त काटा. कारण चंद्रपूर-गडचिरोलीत किराणा, धान्य, मोहफूल, हिरडा, सगळं तोलूनच विकलं आणि घेतलं जातं, आणि घरातली पोरं पुण्याला कोड लिहीत असली तरी सुट्टीत गल्ल्यावर बसतातच. मीही बसतो. मूलला काकांचं दुकान आहे, तिथलीच गोष्ट.

बाजाराचा दिवस. वैधमापनशास्त्र विभागाचे निरीक्षक आले, सोबत एक कर्मचारी. काका निवांत, कारण काट्याचं पडताळणी प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं होतं, मुदत संपायला अजून चार महिने. इलेक्ट्रॉनिक काट्याचं पासिंग दर 12 महिन्यांनी, ते झालेलं. साहेबांनी कागद पाहिला, मान डोलावली, आणि मग काटा उचलून सील बघितलं. सील तुटलेलं.

झालं असं होतं की उन्हाळ्यात डिस्प्ले गेला. काकांनी चौकातल्या मोबाइल-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या पोराला बोलावलं. त्याने सील कापून काटा उघडला, डिस्प्ले बदलला, दोनशे रुपये घेतले, गेला. काकांच्या दृष्टीने विषय संपला. पण कायद्याच्या दृष्टीने त्या क्षणी भिंतीवरचा कागद निकामी झाला. पासिंग त्या सील केलेल्या काट्याचं असतं. सील तुटलं की पुन्हा पडताळणी आणि मुद्रांकन करूनच काटा वापरता येतो. आणि दुरुस्ती कोणीही करायची नसते, विभागाचा परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडूनच करायची. तो पक्की पावती देतो. ती पावती आणि नवीन प्रमाणपत्र एकाच फाइलमध्ये ठेवायचं.

आता खरी गंमत. म्हणजे मला गंमत, काकांना नाही. साहेबांनी विचारलं, “तुमची वजनं कुठं आहेत?” हे बऱ्याच दुकानदारांना माहीतच नसतं. काट्याच्या क्षमतेच्या एक दशांश इतकी मुद्रांकित वजनं काट्याजवळ ठेवावी लागतात. काकांचा काटा 30 किलोचा, म्हणजे 3 किलो. जुन्या तराजूच्या काळातली लोखंडी वजनं पोत्यामागे होती, पण त्यांचं पासिंग दर 2 वर्षांनी करायचं असतं, तेही कधीच उलटून गेलं होतं. मग साहेबांनी स्वतःची वजनं काढली.

1 किलो ठेवलं. डिस्प्ले 1.005. काका म्हणाले, “पाच ग्रॅमचं का एवढं?” आणि तेवढ्यापुरतं बरोबर होतं. काट्याच्या प्लेटवर e = 5 g लिहिलेलं असतं, म्हणजे त्याची एक पायरी 5 ग्रॅमची. अशा काट्याला 2.5 किलोपर्यंत वापरात असताना 5 ग्रॅमची चूक चालते. त्यावर 10 किलोपर्यंत 10 ग्रॅम. नवीन पासिंगच्या वेळी याच्या निम्मीच चालते.

मग 3 किलो ठेवलं. 3.015. चूक 15 ग्रॅम, मुभा 10. नापास. आणि चूक गिऱ्हाइकाच्या विरुद्ध बाजूला, कारण काटा जास्त दाखवतो म्हणजे माणसाच्या पिशवीत माल कमी जातो.

मी इंजिनिअर ना, मला कारण शोधल्याशिवाय झोप येईना. रात्री त्या पोराला फोन केला. म्हणाला, “दादा, कॅलिब्रेशन करून दिलं होतं, साखरेचं एक किलोचं पाकीट ठेवून.” तसलंच पाकीट दुसऱ्या दुकानात तोललं तर भरलं 995 ग्रॅम! म्हणजे त्याने काट्याला शिकवलं की 995 म्हणजे 1000. मग खरा एक किलो 1.005 दाखवणार, तीन किलो 3.015, आणि दहा किलो तांदूळ 10.050. चूक वजनासोबत वाढत जाते. म्हणून एक किलोवर तपासून समाधान मानू नका. काटा रोज सकाळी आधी रिकामा शून्य दाखवतो का बघा, मग मोठ्या वजनावर तपासा आणि आकडा वहीत लिहा. तारीख, ठेवलेलं वजन, दाखवलेलं वजन, बस. ही वही कायद्याने मागितलेली नाही, पण काटा कधी बिघडला ते तुम्हाला त्याच दिवशी कळतं. आमच्याकडे वही असती तर उन्हाळ्यातच कळलं असतं.

आता वागणुकीचं. काकांनी एक गोष्ट छान केली. आवाज चढवला नाही, काटा आत नेला नाही, कोण्या नेत्याला फोन लावला नाही. गल्ल्यावर मला बसवलं आणि स्वतः साहेबांसोबत राहिले. सुरुवातीलाच “साहेब, ओळखपत्र दाखवता का?” असं विचारलं. साहेबांनी दाखवलं, राग वगैरे काही नाही. हे विचारणं उद्धटपणा नाही, कारण बाजारात तोतयेही फिरतात.

चूक सहीच्या वेळी होणार होती. पंचनामा लिहून झाला आणि काका न वाचताच पेन उघडत होते. मी म्हटलं, “काका, थांबा, वाचू.” काट्याचा नंबर, कंपनीचं नाव, किती वजनावर किती दाखवलं, हे आकडे जुळवले. एका जागी 3.015 ऐवजी 3.050 पडलं होतं. साहेबांनी लगेच दुरुस्त केलं आणि बाजूला सही केली. मुद्दाम नव्हतं, घाईत झालं. पण 15 ग्रॅम आणि 50 ग्रॅममध्ये कागदावर खूप फरक आहे. तुमचं म्हणणं वेगळं असेल तर सहीच्या वर दोन ओळीत लिहा, आणि प्रत मागून घ्या. काटा जप्त झाला तर त्याची पावतीही.

अशी प्रकरणं बरेचदा कोर्टात न जाता तडजोड शुल्क भरून मिटतात. पैसे चलनाने भरायचे, पावती जपायची. विनापावती ‘इथंच मिटवू’ असं कोणी म्हणालं तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर 1064. पण शुल्क भरलं म्हणजे पाटी कोरी, असं समजू नका. 2009 च्या कायद्याच्या कलम 48 नुसार तीन वर्षांत तोच गुन्हा परत झाला तर पुन्हा तडजोड होत नाही. काकांना मी हेच दोनदा सांगितलं.

जाता जाता साहेबांनी फळीवरची तूरडाळीची पाकिटं उचलली. काका रिकाम्या वेळात अर्धा-अर्धा किलो भरून ठेवतात. गिऱ्हाईक समोर असताना तोलून दिलं तर तो सुटा माल. आधीच भरून ठेवला की ते पॅकबंद झालं आणि त्यावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना-वर्ष, तक्रारीचा नंबर हे सगळं छापावं लागतं. मधाच्या बाटल्या, मोहाचे लाडू भरणाऱ्या बचत गटांनी हे नक्की बघा. काकांना साहेबांनी समज दिली, पाकिटं त्याच दुपारी फोडून डब्यात ओतली.

नवीन पासिंग आता झालंय. सील लावताना त्यावर वर्ष आणि तिमाहीचं अक्षर उमटतं, ए ते डी. मी त्याचा फोटो काढून काकांच्या फोनमध्ये अकरा महिन्यांनंतरचं रिमाइंडर लावलं. काकांनी तरीही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलाय.