बुद्धवंदना कोणत्या व्याख्येत बसते?

बौद्ध पद्धतीचं लग्न तुम्ही पाहिलं असेल. पांढऱ्या कपड्यांतले वधूवर, समोरच्या टेबलावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्ती, फुलं. सगळे हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हणतात. होम नाही, देवाला साकडं नाही. प्रथम वर्षाला धर्माच्या व्याख्या शिकवताना मी इथूनच सुरुवात करते, कारण दोन्ही प्रकारच्या व्याख्यांची परीक्षा या एका प्रसंगात होते.

पहिला प्रकार आशयात्मक व्याख्यांचा. माणसं काय मानतात, यावरून धर्म ओळखायचा. एडवर्ड टायलर यांनी १८७१ साली धर्माची किमान व्याख्या केली ती अशीच: आत्मिक शक्तींवरचा विश्वास. या व्याख्येचं बळ तिच्या स्पष्ट कुंपणात आहे. ग्रामदेवतेची जत्रा आत, पक्षाची सभा बाहेर. आपण रोजच्या बोलण्यात धर्म म्हणतो तेही साधारण याच अर्थाने. आणि समाजात धर्माचा प्रभाव घटतोय का, हा प्रश्न इथे विचारता येतो, कारण नेमकं काय मोजायचं ते ठाऊक असतं.

आता हे कुंपण त्या लग्नाभोवती घालून पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असं मानणार नाही, हे त्यांत स्वच्छ सांगितलं आहे. मग टायलर यांच्या हिशेबाने हा धर्मच नाही. एमिल दुर्खीम यांनी १९१२ साली अशा व्याख्येवर आक्षेप घेतला तोही बौद्ध धर्माचंच उदाहरण देऊन. त्यावर १९६६ मध्ये मेलफर्ड स्पायरो यांनी उत्तर दिलं. ब्रह्मदेशातले बौद्ध लोक त्यांनी जवळून अभ्यासले होते. त्यांचं म्हणणं असं, की बुद्ध देव नसला तरी भक्तांच्या लेखी तो सामान्य माणसापलीकडचा असतो, शिवाय तिथे ‘नात’ नावाच्या शक्तींनाही लोक पूजतात. ब्रह्मदेशापुरतं हे पटतं. पण बाबासाहेबांचा बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. आपल्या गावच्या विहाराला स्पायरो यांचं उत्तर पुरत नाही, असं मला वाटतं.

दुसरा प्रकार कार्यात्मक व्याख्यांचा, पुस्तकांत कुठे कुठे ‘प्रकार्यात्मक’ म्हणतात तो. इथे काय मानतात हे न विचारता, त्यातून माणसांचं आणि समाजाचं काय घडतं हे विचारायचं. मिल्टन यिंगर म्हणतात, मरण, दुःख, अन्याय अशा आयुष्याच्या अंतिम प्रश्नांशी एखादा समूह ज्या श्रद्धा आणि आचारांच्या आधारे झुंजतो, तो धर्म. विहारातलं लग्न इथे सहज बसतं. जातीने नाकारलेल्या माणसांना या वंदनेने एकत्र बांधलं, माणूस म्हणून उभं केलं. ईश्वराची अट नसल्यामुळे जगातले फार वेगवेगळे धर्म या व्याख्येत सामावतात.

पण दार इतकं उघडं ठेवलं की कोण कोण आत येतं? २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूत बाबासाहेब बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना करत होते. दोघांपुढेही दुःखाचा आणि शोषणाचा प्रश्न होता. लाल झेंडा, एक मेची मिरवणूक, हुतात्म्यांचं स्मरण यांतूनही माणसं बांधली जातात. म्हणजे मार्क्सवाद हाही धर्म ठरेल, आणि कार्यकर्ता तर तो धर्म असल्याचं साफ नाकारेल. थॉमस लुकमान यांनी १९६७ मध्ये याच वाटेने जाऊन आधुनिक माणसाच्या खासगी अर्थशोधालाही धर्म म्हटलं. त्यांचे सहलेखक पीटर बर्गर यांनाच ते मान्य नव्हतं. सगळंच धर्म ठरलं तर धर्म ओसरतोय का, हा प्रश्नच उरत नाही.

दुसरी उणीव मला जास्त बोचते. ‘धर्म समाजाला जोडतो’ हे व्याख्येतच लिहून टाकलं, की तो तोडतो तेव्हा काय म्हणायचं? नाशिकच्या काळाराम मंदिराचं दार उघडावं म्हणून २ मार्च १९३० पासून सत्याग्रह झाला. देव तोच, धर्म तोच, आणि दाराबाहेर उभी त्याच धर्मात गणली जाणारी माणसं. जोडतो की तोडतो, हे पाहून ठरवायचं असतं. व्याख्येने ते आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

उत्तरपत्रिकेत दुर्खीम यांना सरळ ‘कार्यात्मक’च्या रकान्यात टाकलेलं दिसतं, आणि तिथे गुण जातात. त्यांच्या व्याख्येत एक नैतिक समुदाय घडवण्याचं कार्य आहे, हे खरं. पण पवित्र वस्तू हा तिचा गाभा आशयाचा आहे. म्हणून ती दोन्हींच्या मधली, असं लिहा आणि कारण द्या. बाबासाहेबही ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ च्या ग्रंथात याच जागेजवळ येतात. धम्म म्हणजे नीती, पण नुसती नीती पुरत नाही, ती पवित्र असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. त्या लग्नात देव नाही, तरीही पंचशील सुरू होताच सगळे चपला काढून उभे राहतात.