एक गेम, देशागणिक वेगळी किंमत

‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेती करण्याचा आणि मासे पकडण्याचा निवांत गेम अमेरिकेत १४.९९ डॉलरला मिळतो. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला, तर हे जवळपास पावणेतेराशे रुपये होतात. भारतात ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात हाच गेम ४८० रुपयांना आहे. सवलतीच्या दिवसांतली ही किंमत नाही, नेहमीचीच आहे.

या ४८० रुपयांची वाटणी पाहू. त्यात १८ टक्के जीएसटी आधीच धरलेला असतो, म्हणजे सुमारे ७३ रुपये सरकारकडे जातात. उरलेल्या ४०७ रुपयांतून दुकानाचा वाटा निघतो. स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी साधारणपणे ३० टक्के घेते. फार मोठ्या विक्रीनंतर हे प्रमाण कमी होते. ३० टक्केच धरले, तर गेम बनवणाऱ्याच्या हाती सुमारे २८५ रुपये पडतात. अमेरिकेत विक्रीकर किमतीवर वेगळा लागतो, त्यामुळे तिथल्या एका प्रतीमागे त्याला याच हिशेबाने ८९० रुपयांच्या आसपास मिळतात.

तरीही त्याला हे परवडते, कारण आणखी एक प्रत देण्यासाठी त्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. पावणेतेराशे रुपये मागितले, तर इथले बरेच जण गेम घेणारच नाहीत. मग त्याच्या हाती २८५ रुपयेही येणार नाहीत. व्हॉल्व्ह प्रत्येक चलनासाठी किंमत सुचवते आणि ती सुचवताना डॉलरच्या दराबरोबर त्या देशातल्या लोकांची खरेदीची ताकदही विचारात घेते. शेवटची किंमत मात्र प्रकाशकच ठरवतो. म्हणूनच काही बड्या गेमची भारतातली किंमत डॉलरच्या हिशेबाला लागूनच असते.

स्वस्त देशातून घेऊन महाग देशात खेळता आले, तर ही व्यवस्था कोलमडेल. त्यामुळे स्टीमवर देश बदलायचा, तर त्या देशातल्याच कार्डाने वा खात्याने पैसे भरावे लागतात आणि तीन महिन्यांत एकदाच बदल करता येतो. व्हीपीएन वापरून दुसरा देश दाखवणे नियमबाह्य आहे. किमतींत मोठा फरक असेल, तर एका देशातून दुसऱ्या देशात गेम भेटही देता येत नाही.

एवढे करूनही अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात घडी विसकटली. पेसो आणि लिरा इतक्या वेगाने घसरत होते की प्रकाशकाने आज लावलेली किंमत काही महिन्यांत क्षुल्लक ठरे. अखेर नोव्हेंबर २०२३मध्ये व्हॉल्व्हने या दोन्ही देशांतले व्यवहार डॉलरमध्ये नेले. शेजारच्या देशांसह त्यांचे गट करून प्रकाशकांना त्या गटांसाठी वेगळी, कमी डॉलर-किंमत लावण्याची मुभा दिली. तरीही तिथल्या ग्राहकांसाठी अनेक गेम एका रात्रीत कित्येक पटींनी महागले.

पैसे परत मिळण्याचा नियम मात्र बहुतेक ठिकाणी सारखाच आहे. खरेदीला १४ दिवस उलटलेले नसावेत आणि गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा. मग कारण काहीही चालते. हा नियम जून २०१५मध्ये आला. त्याच्या आदल्या वर्षीच ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने व्हॉल्व्हला कोर्टात खेचले होते. सदोष गेमचे पैसे मागण्याचा तिथल्या ग्राहकांचा कायदेशीर हक्क कंपनी नाकारते, असा आरोप होता. २०१६मध्ये कंपनीला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला.

यात फसगत होते ती घड्याळामुळे. गेम नुसता उघडा ठेवून जेवायला गेलात, तरी ती मिनिटे मोजली जातात. प्रकाशनाआधी ‘ॲडव्हान्स्ड ॲक्सेस’मध्ये खेळलेला वेळही २०२४पासून धरला जातो. उलट बाजूने छोटे निर्माते भरडले जातात: दीड तासात संपणारा गेम पूर्ण खेळूनही पैसे परत मागता येतात. २०२१मध्ये ‘समर ऑफ ’५८’ या छोट्या भयगेमच्या निर्मात्याने अशा परताव्यांना कंटाळून गेम बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले होते.

ग्राहकाच्या सोयीची एक तरतूद मात्र फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. गेम घेतला आणि चार दिवसांनी त्यावर सवलत लागली, तर वरच्या दोन्ही अटी पाळून तो परत करता येतो आणि कमी किमतीत पुन्हा घेता येतो. वारंवार परतावे मागणाऱ्याची सोय स्टीम बंद करू शकते, पण सवलतीसाठी केलेली ही उलाढाल गैरवापर धरली जात नाही, असे त्यांच्या नियमांतच म्हटले आहे.