रजेवरून परतणाऱ्या सहकाऱ्यासाठीचे टिपण

प्रसूती रजेचा कायदा २०१७ मध्ये बदलला आणि पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. ७ एप्रिल २०२५ रोजी रजेवर गेलेली कर्मचारी त्यामुळे ६ ऑक्टोबरला कामावर हजर होते. ती करसल्लागाराच्या कार्यालयात जमाखर्च आणि करभरणा पाहत असेल, तर तिच्या गैरहजेरीत बरेच काही बदललेले असते. सहकाऱ्यांनी तिच्यासाठी लिहून ठेवायचे टिपण कसे असावे, हे पाहायला हे उदाहरण सोयीचे आहे.

अशा टिपणात बहुतेकांची एक चूक होते. मेमध्ये काय झाले, जूनमध्ये काय झाले, असा महिनावार इतिहास लिहिला जातो. वाचणारीला इतिहासाची घाई नसते. उद्या सकाळी कुठल्या कामाला हात घालायचा, हे तिला आधी कळायला हवे. म्हणून टिपण मुदतीच्या तारखेपासून सुरू करावे आणि काय बदलले ते त्या त्या कामाच्या पोटातच सांगावे.

६ ऑक्टोबरच्या टिपणातील पहिली ओळ ७ ऑक्टोबरची असणार. सप्टेंबरमध्ये कापलेला टीडीएस भरायची ती शेवटची तारीख. कापलेला कर उशिरा भरला तर दरमहा दीड टक्का व्याज लागते. एक दिवस उशीर झाला तरी महिन्याचा हिशेब होतो, म्हणून हे काम वर. रजेवर जाण्याच्या आठवडाभर आधीच, १ एप्रिलपासून, टीडीएसच्या मर्यादा बदलल्या होत्या. व्यावसायिक फीसाठी वर्षाला ३०,००० रुपयांची मर्यादा ५०,००० झाली. भाड्यासाठी वर्षाला २,४०,००० ऐवजी महिन्याला ५०,००० असा हिशेब आला. हे तिला अर्थसंकल्पाच्या बातम्यांतून ठाऊक असेल, पण या मर्यादा प्रत्यक्षात वापरून महिना काढलेला नसेल. त्यामुळे ‘नवीन मर्यादा लागू’ एवढे न लिहिता कुठल्या ग्राहकाच्या कुठल्या खात्यात फरक पडला, ते लिहावे.

त्यातच एक अगदी नवी तरतूद आहे. भागीदारी संस्थेने भागीदाराला दिलेले वेतन, मोबदला, कमिशन किंवा व्याज वर्षात २०,००० रुपयांच्या वर गेले, तर कलम १९४टी नुसार आता १० टक्के टीडीएस कापावा लागतो. खरी अडचण वहीखात्यात असते. एखादा भागीदार दरमहा ६०,००० रुपये उचलतो. ही रक्कम मोबदला म्हणून दाखवली असेल तर दरमहा ६,००० कापायला हवेत. ती भांडवलातली नुसती उचल असेल तर नाही. बऱ्याच लहान संस्था वर्षभर उचल म्हणूनच नोंद करतात आणि मार्चअखेर मोबदल्याची नोंद टाकतात. मग कपात त्या वेळी होते. अमुक संस्थेचे काय ठरले, कोणी ठरवले आणि अजून ठरलेले नसेल तर भागीदारांकडून कुठला खुलासा यायचा आहे, हे टिपणात हवे. ‘विषय चर्चेत आहे’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही.

दुसरे काम ११ ऑक्टोबरचे, आणि टिपणातील सर्वांत मोठा बदल त्यातच येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांवर आल्या, काही पूर्ण करमुक्त झाल्या, आणि तंबाखू वगळता चैनीच्या व अपायकारक म्हटल्या जाणाऱ्या वस्तूंवर ४० टक्के आला. दर महिन्याच्या मधोमध बदलल्यामुळे सप्टेंबरच्या एकाच जीएसटीआर-१ मध्ये दोन दर आले. हे विवरणपत्र ११ तारखेपर्यंत जायचे आहे.

कुठल्या बिलाला कुठला दर, हे कलम १४ ठरवते. माल दिल्याची, बिलाची आणि पैसे मिळाल्याची अशा तीन तारखा पाहायच्या. त्यांतील दोन ज्या बाजूला पडतात, त्या बाजूचा दर लागतो. शालेय साहित्याच्या एका घाऊक व्यापाऱ्याचे उदाहरण घेऊ. कंपासपेट्यांवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. एक लाखाचा माल २० सप्टेंबरला गेला, बिलही त्याच दिवशी झाले, पैसे ३ ऑक्टोबरला आले. दोन तारखा आधीच्या, म्हणून कर १२,०००. आता माल २० तारखेला चलनावर गेला, पण बिल २४ तारखेला निघाले आणि पैसे ऑक्टोबरमध्ये आले, असे समजू. दोन तारखा नंतरच्या, म्हणून कर ५,०००. माल एकच, फरक ७,००० रुपयांचा. टिपणात अशी संशयास्पद बिले क्रमांकासकट लिहून ठेवली, तर परतलेल्या व्यक्तीला सगळी फाइल उपसावी लागत नाही.

याच व्यापाऱ्याकडे आणखी दोन गोष्टी तपासायच्या राहतात. ऑगस्टमध्ये १२ टक्क्यांनी विकलेल्या कंपासपेट्या ऑक्टोबरमध्ये परत आल्या तर क्रेडिट नोटही १२ टक्क्यांचीच हवी, कारण ती मूळ बिलाला जोडलेली असते. सॉफ्टवेअरमध्ये वस्तूचा दर एकदा ५ केला की ते निमूटपणे ५ टक्केच लावते. क्रेडिट नोटमधील कर मूळ बिलाच्या कराशी प्रमाणात जुळत नसेल, तर घोळ इथेच झाला आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट वह्यांची. वह्यांवरचा १२ टक्के कर शून्य झाला. ग्राहकाला हे बरे, पण व्यापाऱ्याच्या गोदामात २१ सप्टेंबरला शिल्लक असलेल्या वह्यांवर त्याने इनपुट क्रेडिट घेतलेले होते. माल करमुक्त झाला की कलम १८(४) नुसार ते परत करावे लागते. चार लाखांच्या शिल्लक वह्यांवर ४८,००० रुपये होतात. हे सप्टेंबरच्या हिशेबात जायचे. त्यासाठी २१ तारखेच्या संध्याकाळची मालाची मोजदाद लागते आणि ती केली नसेल तर आता विक्री व खरेदीच्या नोंदींवरून मागे जाऊन काढावी लागते. ‘मोजदाद झाली का? कागद कुठे आहे?’ हे दोन प्रश्न टिपणात उत्तरांसकट हवेत.

त्यानंतर ३१ ऑक्टोबर. कर लेखापरीक्षणाच्या अहवालाची मुदत ३० सप्टेंबर होती, ती महिनाभराने वाढली. जुलै-सप्टेंबर तिमाहीचे टीडीएस विवरणपत्रही याच दिवशी भरायचे. कोणाचे अहवाल सही होऊन गेले, कोणाचे कागद अडले आणि अडलेला कागद कोणाकडून यायचा आहे, एवढे पुरे.

संपलेल्या गोष्टी एका परिच्छेदात उरकाव्यात. लेखापरीक्षण न लागणाऱ्यांच्या आयकर विवरणपत्राची तारीख यंदा ३१ जुलैवरून आधी १५ आणि मग १६ सप्टेंबर झाली. ते काम झाले. ज्यांचे राहिले त्यांचीच नावे द्यावीत.

सगळ्यात शेवटी लांबचे. आयकर अधिनियम, २०२५ ला २१ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली. त्यात कलमांचे क्रमांक सगळे नवे आहेत, पण त्याचा अभ्यास ऑक्टोबरच्या मुदती संपल्यावर करता येतो. टिपणात त्याला एक ओळ बास.