संबंधी उपवाक्यातील जादा सर्वनाम कसे ओळखावे?

'द बुक विच आय रेड इट' या इंग्रजी रचनेत शेवटचे 'इट' चुकीचे आहे. ते कुठून येते? मराठीत आपण म्हणतो, 'जे पुस्तक मी वाचले, ते चांगले होते.' येथे 'जे' आणि 'ते' जोडीने येतात, पण 'ते' हा मुख्य वाक्याचा कर्ता आहे. 'वाचले'चे कर्म 'जे पुस्तक' एवढेच. इंग्रजीतही 'रेड'चे कर्म 'विच' हेच आहे. पुढे 'इट' लिहिले, तर एकाच क्रियापदाला तेच कर्म दोनदा मिळते.

तपासणी अशी करा:

१. उपवाक्य वेगळे काढा: 'विच आय रेड इट'.
२. 'विच' काढून त्याचे नाम मूळ जागी ठेवा: 'आय रेड द बुक'.
३. 'द बुक' जिथे बसले, तिथेच आधी 'इट' होते का? असल्यास ते गाळा.

'द पेन विच आय राइट विथ इट' पाहा. मूळ वाक्य 'आय राइट विथ द पेन'. म्हणून 'इट' जाते. 'विथ' मात्र राहते.

प्रत्येक 'इट' गाळू नका. 'द बुक विच आय रेड बिफोर इट वॉज बॅन्ड' हे बरोबर आहे. 'रेड'नंतरची कर्माची जागा रिकामीच आहे. 'इट' हा 'वॉज बॅन्ड'चा कर्ता आहे. तो काढला, तर 'बिफोर'नंतरचे उपवाक्य कर्त्यावाचून राहील.